मशीन भरलंय, नवी ऑर्डर कशी नाकारायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या अंबडला आमचं छोटं मशीन शॉप आहे. तीन सीएनसी लेथ, ड्रिलिंग-टॅपिंगसाठी एक व्हीएमसी, दोन शिफ्ट. नव्याने शॉप टाकलेली मुलं चहाच्या टपरीवर भेटली की ऑर्डर कशी मिळवायची हे विचारतात. वर्ष-दीड वर्षाने तीच मुलं ऑर्डर कशी नाकारायची हे विचारायला येतात. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. उदाहरण शेवटपर्यंत एकच आहे: 1,500 फ्लँजची एक एन्क्वायरी. 4 जुलैला आली होती आणि माल 31 जुलैपर्यंत हवा होता.

शॉप भरलंय हे नक्की कसं ठरवायचं?

शॉप कधी सगळं भरत नाही. त्यातलं एखादं मशीन भरतं, आणि मग बाकीची मशीन मोकळी असून उपयोग नसतो. म्हणून "आमच्याकडे लोड फार आहे" असं मोघम म्हणण्याआधी प्रत्येक मशीनचे तास कागदावर मांडा.

आमच्याकडे एका शिफ्टमध्ये जेवणाची सुट्टी वजा जाता साडेसात तास मिळतात. दोन शिफ्टचे पंधरा तास आणि महिन्याचे 25 दिवस धरले, तर एका मशीनचे 375 तास होतात. पण हे कागदावरचे तास. सेटिंग, इन्सर्ट बदलणं, पहिला पीस तपासून घेणं, लाइट जाणं, ऑपरेटरची दांडी हे सगळं धरल्यावर आमच्या हातात खरे 290 तास येतात. हा आकडा ज्याचा त्याने काढायचा. मागच्या तीन महिन्यांत मशीनवर प्रत्यक्ष किती चांगले पीस निघाले ते घ्या, त्याला सायकल टाइमने गुणा आणि तीनने भागा, म्हणजे तुमचा महिन्याचा खरा आकडा समोर येईल. बहुतेकांना तो पाहून वाईट वाटतं.

आता फ्लँज. लेथवर दोन सेटिंगमध्ये मिळून 7 मिनिटं, म्हणजे 1,500 पीसचे 175 तास. तीन लेथचे मिळून 870 तास होतात. त्यातले 690 जुन्या कामांना दिलेले होते, म्हणून 180 शिल्लक होते. बसतंय की, असं कुणालाही वाटेल. पण पुढे व्हीएमसीवर ड्रिलिंग आणि टॅपिंगची लोडिंगसकट 5 मिनिटं होती. म्हणजे 125 तास, आणि वर फिक्स्चर सेटिंगचे 5. व्हीएमसीच्या 290 तासांतले 265 आधीच लागलेले होते. शिल्लक 25. मागणी 130 ची.

उत्तर तिथेच मिळालं. जुलैमध्ये हे काम होणार नव्हतं, आणि का होणार नव्हतं ते एका वाक्यात सांगता येत होतं.

ते 25 तास तरी वापरायचे ना?

नाही. दर महिन्याला पंचवीस-तीस तास आम्ही हातचे राखतो. जुन्या ग्राहकाचे पीस रिवर्कला परत येतात, एखाद्याचं शेड्यूल मधेच वाढतं, स्पिंडलचं काहीतरी निघतं. हे तास विकून टाकले की पहिल्या अडचणीलाच सगळी साखळी घसरते.

उत्तर किती वेळात द्यावं?

त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. परचेसच्या माणसाला बहुधा तीन कोटेशन गोळा करायची असतात. पहिल्या दिवशी तुम्ही नाही म्हणालात तर तो चौथ्याला फोन लावतो, त्याचं काही बिघडत नाही. दहाव्या दिवशी नाही म्हणालात तर त्याचे दहा दिवस वाया गेलेले असतात, आणि त्याच्या साहेबासमोर तो तुमचं नाव घेतो. शब्द दोन्ही वेळी तेच असतात, पण पहिल्या दिवशी त्याला सभ्यपणा म्हणतात आणि दहाव्या दिवशी फसवणूक.

उत्तरच न देणं, फोन न उचलणं, हे तर आपल्याकडे नकाराचं सर्वमान्य रूप झालंय. समोरचा समजून जाईल असं आपण धरून चालतो. तो समजतो, पण वेगळंच समजतो: ह्यांचा धंदा डबघाईला आलेला दिसतोय.

"बघतो, कळवतो" असं म्हटलं तर काय बिघडलं?

"बघतो" म्हणजे नाही, हे आपल्याला माहीत असतं. समोरच्याला ते "करतो" असं ऐकू येतं, कारण त्याला तेच ऐकायचं असतं. "करून टाकू" आणि "होऊन जाईल" ही तर चक्क होकाराची वाक्यं आहेत.

हे मी स्वतः भोगलंय. एका नव्या ग्राहकाला "होऊन जाईल" म्हणून बसलो आणि त्याचे पीस व्हीएमसीवर चढवले. जुन्या ग्राहकाचा लॉट चार दिवस मागे गेला. त्याची असेंब्ली लाइन थांबायच्या बेताला आली, तेव्हा रात्री खास टेम्पो करून पुण्याला माल पाठवला. तरी महिनाअखेरीस डेबिट नोट आलीच. नव्याचा मालही उशिरानेच गेला. दोघेही नाराज झाले, आणि त्या दोन्ही कामांत मिळून मला सुटलं काय तर टेम्पोचं भाडं.

नाही म्हणायला जीभ उचलत नाही. रेट चढवून सांगितला तर तोच जाईल ना?

ही युक्ती सगळे करतात. तिच्यात दोन खड्डे आहेत. एक, तो रेट मान्य करतो. त्याला निकडच असते, मग पीओ येतो आणि तुमच्याकडे मशीन नसतं ते नसतंच. दुसरा खड्डा जास्त खोल. तुमचा तो रेट तुलनेच्या तक्त्यात नोंदला जातो. सहा महिन्यांनी तुमचं मशीन मोकळं असतं, पण परचेसवाला जुना तक्ता बघून म्हणतो, "हे महागडे आहेत, ह्यांना विचारू नका." तुम्ही का महाग होतात हे तिथे लिहिलेलं नसतं. त्यापेक्षा सरळ रिग्रेट द्या. रिग्रेट दिलेल्या व्हेंडरला पुन्हा एन्क्वायरी येते.

जादा शिफ्ट लावून, रविवार धरून काम होणार असेल आणि त्याचा खर्च म्हणून रेट जास्त असेल, तर ती गोष्ट वेगळी. मग तसं लिहून द्या: इतका रेट नेहमीचा, इतका जादा शिफ्टचा.

फोनवर नेमकं काय बोलायचं?

आधी फोन, मग मेल. ओळखीच्या माणसाला नुसता मेल गेला तर तो कोरडा वाटतो, आणि नुसता फोन केला तर नोंद राहत नाही. आमचं त्या दिवशीचं बोलणं साधारण असं झालं:

"नमस्कार साहेब, फ्लँजची एन्क्वायरी बघितली. ड्रॉइंग नीट पाहिलं, काम आमच्या मशीनवर बसणारं आहे. पण 31 जुलैला नाही जमणार."

"का हो? तीन लेथ आहेत ना तुमच्याकडे?"

"लेथचा प्रश्न नाही साहेब. ड्रिलिंग-टॅपिंगला एकच व्हीएमसी आहे आणि ती जुलैअखेरपर्यंत लागलेली आहे. तुम्हाला उगाच हो म्हणून शेवटच्या आठवड्यात तोंडावर पाडायचं नाही. ऑगस्टच्या 13 तारखेला पहिले 600 देऊ शकतो, राहिलेले 25 ला. ते चालत नसेल तर जुलैत करू शकेल असं एक शॉप माहितीत आहे, त्यांना विचारून नंबर देतो."

"ऑगस्ट फारच लांब होतंय."

"समजतंय. आज संध्याकाळपर्यंत मेल करतो, तुम्ही साहेबांशी बोलून घ्या."

यात क्रम महत्त्वाचा आहे. काम आम्हाला करता येतं हे आधी, तारीख जमत नाही हे त्याच्या पाठोपाठ, आणि मग दोन वाटा. माफीनामा लांबवायचा नाही. "सॉरी साहेब, माफ करा साहेब" पाचदा म्हटलं की समोरच्याला वाटतं अजून थोडं ताणलं तर हा घेईल.

मेलमध्ये काय लिहू?

थोडक्यात लिहा. हा मेल परचेसवाला पुढे त्याच्या वरिष्ठाला पाठवणार आहे, त्यामुळे फोनवर काय बोलणं झालं ते माहीत नसलेल्या माणसालाही तो कळला पाहिजे. आमचा मेल असा होता:

"आपल्या 4 जुलैच्या एन्क्वायरीबद्दल आभार. ड्रॉइंग तपासले असून सर्व ऑपरेशन आमच्याकडे करता येतील. मात्र व्हीएमसी मशीन 31 जुलैपर्यंत आधी स्वीकारलेल्या कामांसाठी राखीव असल्याने आपल्या मागणीच्या तारखेस 1,500 नग देणे आम्हाला शक्य होणार नाही. त्या तारखेसाठी कृपया आमचा रिग्रेट समजावा.

पर्याय म्हणून 13 ऑगस्टला 600 नग आणि 25 ऑगस्टला 900 नग देऊ शकतो. यासाठी पीओ 14 जुलैपर्यंत आणि फोर्जिंग 24 जुलैपर्यंत आमच्याकडे पोहोचणे आवश्यक आहे. 14 जुलैनंतर ही जागा आम्ही इतर कामासाठी मोकळी करू.

जुलैमध्येच माल हवा असल्यास आपल्या संमतीने दुसऱ्या शॉपचा संपर्क देऊ."

रिग्रेट कशाला दिला आहे ते बघा. त्या तारखेला. पार्टला नाही आणि ग्राहकालाही नाही. पोर्टलवर एन्क्वायरी आली असेल तर रिग्रेटचं बटण दाबून शेऱ्याच्या रकान्यात हाच मजकूर दोन ओळींत टाका. रकाना रिकामा सोडला की पुढच्या माणसाला एवढंच दिसतं की ह्यांना हा पार्ट नको होता.

कोणाचं काम चालू आहे ते सांगायचं का?

अजिबात नाही. नाव नाही, पार्ट नाही, किती नग तेही नाही. "आधी स्वीकारलेली कामं" पुरे. आज ह्याला त्याचं नाव सांगितलंत, की उद्या त्याला आपलं सांगणार हे ह्याच्या लक्षात येतं.

पुढची तारीख कशी काढायची? पंधरा दिवस वाढवून सांगितले तर चालत नाही का?

अंदाजाने वाढवलेली तारीख हीच सर्वात धोक्याची. पहिल्या वेळी तुम्ही नकार दिलात, तो माणसाने समजून घेतला. दुसरी तारीख तुम्ही स्वतः दिलेली असते. ती चुकली तर सांगायला काही उरत नाही.

आम्ही ती अशी काढली. ऑगस्टमध्ये व्हीएमसीच्या 290 तासांपैकी 130 लागलेले होते, आणि तो माल जुन्या ग्राहकाला महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात हवा होता. म्हणजे पहिला पंधरवडा मोकळा. उरलेल्या 160 तासांतून फ्लँजचे 130 काढले तरी 30 हातचे राहत होते.

दिवसाला व्हीएमसीचे खरे साडेअकरा तास मिळतात. 3 ऑगस्टला सेटिंग सुरू केलं तर 5 तास सेटिंग आणि 600 पीसचे 50, असे 55 तास 8 तारखेपर्यंत निघतात. पुढे झिंक प्लेटिंग बाहेरून करून घ्यायचं होतं. आमचा प्लेटिंगवाला तीन दिवस सांगतो आणि तीनच घेतो, असे लोक कमी. मग तपासणी, ऑइल, पॅकिंग. 12 ला माल तयार झाला असता, आम्ही 13 सांगितली. राहिलेल्या 900 चे 75 तास, मधे साप्ताहिक सुट्टी आणि 15 ऑगस्ट. म्हणजे 18 पर्यंत मशीनवरून उतरणार, 21 ला प्लेटिंग होऊन येणार, 22-23 ला तयार. म्हणून 25.

लेथचं काम मात्र जुलैच्या शेवटच्या आठवड्यातच उरकायचं होतं, कारण तिथे तास मोकळे होते. व्हीएमसी मोकळी होईल तेव्हा तिच्यासमोर लेथवरून उतरलेला माल तयार पडलेला हवा. फोर्जिंग 24 जुलैला मागितलं ते यासाठी. ही तारीख हिशेबातून आली होती. तुमच्या मेलमध्ये मटेरिअलची तारीख नसेल, तर तुमच्या डिलिव्हरीच्या तारखेला काही अर्थ नाही.

नाशिकचं पंचांगही समोर ठेवावं लागतं. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीच्या फेरीसाठी माणसांचा पूर असतो, आणि सातपूर त्र्यंबक रस्त्यावरच आहे. त्याच्या आगेमागे सातपूरहून माल उचलायची तारीख देऊ नका. निफाड-दिंडोरीकडचे ऑपरेटर असतील तर ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत घरच्या द्राक्षबागेसाठी रजा मागणारच. ती रजा धरून तास काढा, तिला अडचण समजू नका. 2027 च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवसांना काय होईल ते तर सांगायलाच नको.

देऊ केलेली जागा किती दिवस धरून ठेवायची?

मेलमध्ये लिहिलेल्या तारखेपर्यंत, पुढे एक दिवसही नाही. पण सोडण्याआधी एक फोन करा: "साहेब, उद्या 14 तारीख. पीओ निघतोय का? नसेल तर मी दुसऱ्याला देतोय." अर्ध्या वेळा पीओ या फोनमुळेच निघतो. तो सहीसाठी कुणाच्या तरी टेबलावर पडलेला असतो.

पीओशिवाय नुसत्या शब्दावर जागा धरायची का, हा ज्याच्या त्याच्या नात्याचा प्रश्न आहे. दहा वर्षांच्या ग्राहकाचा शब्द मी धरतो. नव्याकडून निदान फिक्स्चरचा आगाऊ पैसा घेतो. पैसा आला की तो माणूस गंभीर आहे हे कळतं आणि फिक्स्चर वेळेत तयार होतं.

ग्राहक म्हणतो, "सगळे नको, निदान दोन-तीनशे तरी द्या."

हे फार वेळा होतं, आणि इथेच पाय घसरतो. 25 तास शिल्लक आहेत, 5 मिनिटांना एक पीस, म्हणजे 300 पीस. पण फिक्स्चर चढवायला 5 तास जातात. राहिले 20 तास, म्हणजे 240 पीस. ते उतरवून जुनं काम पुन्हा चढवलं की त्याचंही सेटिंग पुन्हा. आणि ऑगस्टमध्ये फ्लँजचं सेटिंग परत करायचंच. 240 पीससाठी हातचे तर सगळे तास जातातच, वर जुन्या कामाच्या सेटिंगचे तास लागलेल्या वेळातून कापले जातात.

आम्ही तीनशे दिले नाहीत. पण 20 पीस देऊ केले. त्याला सेटिंगसकट सात तास लागतात, तेवढे हातच्यातून काढता येतात. फायदा दोघांचा होता. ग्राहकाला पीस बसवून बघता आले. आणि पहिल्या पीसची मंजुरी आम्हाला जुलैमध्येच मिळाली. नवं काम रखडतं ते बहुतेक वेळा इथे. मशीन तयार, माल तयार, आणि पहिला पीस ग्राहकाच्या क्वालिटीच्या टेबलावर चार दिवस पडून. तेवढ्यात तुमची राखलेली जागा संपते. जुलैतले ते सात तास ऑगस्टच्या पंधरवड्याचा विमा होता म्हणा ना.

दुसऱ्या शॉपचं नाव द्यावं का? ग्राहक तिकडेच राहिला तर?

काही राहतात. पण तुम्ही नाव दिलं नाही तरी तो कुठे तरी जाणारच आहे, अंबड-सातपुरात व्हीएमसी काय एकच आहे का? फरक एवढाच की नाव तुम्ही दिलंत तर परत यायला त्याला संकोच वाटत नाही.

नाव देताना मात्र तीन गोष्टी पाळतो. पहिली, त्या शॉपवाल्याला आधी फोन करून विचारतो: भाऊ, जुलैत व्हीएमसीचे सव्वाशे तास आहेत का? तिथेही मशीन भरलेलं असेल तर ग्राहकाची दोनदा फरफट होते. दुसरी, जेवढं माहीत आहे तेवढंच सांगतो. "टॅपिंगचं काम त्यांच्याकडे मी पाहिलंय, चांगलं आहे, डिलिव्हरीचा अनुभव मला नाही" असं म्हटलं तर कुणी रागावत नाही. "डोळे झाकून द्या" म्हटलं, की त्याचा प्रत्येक खराब पीस तुमच्या नावावर जमा होतो. तिसरी, रेटच्या बोलण्यात मधे पडत नाही.

मधलं कमिशन? काही जण घेतात. मी घेत नाही, कारण ते ग्राहकाला कळल्यावाचून राहत नाही. घ्यायचंच असेल तर त्याला सांगून घ्या.

ओळखीत कुणीच नसेल तर निमा किंवा आयमा या उद्योजक संघटनांच्या सभासदांत विचारा. सिन्नरला माळेगाव-मुसळगावकडे, गोंद्याला, दिंडोरीकडेही शॉप आहेत. आपल्या गल्लीपलीकडे आपण बघतच नाही.

मग ड्रॉइंग त्या शॉपला मीच व्हॉट्सॲपवर टाकून दिलं तर काम लवकर होईल.

टाकू नका. ड्रॉइंग ग्राहकाचं आहे, तुमचं नाही, आणि पुष्कळदा गोपनीयतेच्या कागदावर तुमची सही असते. समोरच्या शॉपला विचारताना "फ्लँज, व्यास अमुकच्या आसपास, सहा भोकं, टॅपिंग, 1,500 नग" एवढं पुरतं. ग्राहकाचं नावही त्याची संमती आल्यावरच सांगा.

नाकारण्यापेक्षा ऑर्डर घेतो आणि व्हीएमसीचं काम बाहेरून करून घेतो. चालेल का?

चालेल, पण तो नकार टाळण्याचा सोपा रस्ता नाही, ती पूर्ण होकाराची जबाबदारी आहे. पीस खराब निघाला तर ग्राहक तुम्हाला धरणार, त्या शॉपला ओळखतही नसेल. म्हणून ग्राहकाला आधी लेखी कळवा की अमुक ऑपरेशन बाहेर होईल. वाहन उद्योगातलं काम असेल तर हे ऐच्छिक नाही. एकदा पीपॅप, म्हणजे पार्टच्या मंजुरीची फाइल, मंजूर झाल्यावर ऑपरेशनची जागा किंवा बाहेरचा प्रोसेसवाला परस्पर बदलता येत नाही, ग्राहकाला कळवून मंजुरी घ्यावी लागते. लपवलं तर ऑडिटमध्ये सापडतं. माल तुमच्या शेडमध्ये दिसत नाही आणि चलन दुसऱ्याच्या नावाचं निघतं.

चलन म्हटल्यावर आठवलं. माल जॉब वर्कला पाठवताना डिलिव्हरी चलन करा आणि परत आल्याची नोंद ठेवा. जीएसटी कायद्यानुसार असा माल 1 वर्षाच्या आत परत यायला हवा. बाकी तुमच्या सीएंना विचारा.

कोटेशन दीड महिन्यापूर्वी दिलं होतं. पीओ आज आला आणि मशीन आता भरलंय.

आजच लेखी उत्तर द्या. कित्येक कंपन्यांच्या पीओच्या मागे अटी छापलेल्या असतात, त्यात "इतक्या दिवसांत हरकत कळवली नाही तर पीओ स्वीकारला असे समजले जाईल" हे वाक्य असतं, आणि त्याच्याच खाली उशिराला आठवड्याला ठरावीक टक्के कपातीचं. ती बाजू कुणी वाचत नाही. वाचा.

कोटेशनची मुदत संपलेली असेल तर तसं नम्रपणे दाखवून नवी तारीख द्या. मुदत चालू असेल तर मात्र तुमची बाजू लंगडी आहे. मग नकार नाही, वाटाघाट करायची. पुढच्या वेळेपासून कोटेशनमध्ये एक ओळ घाला: "डिलिव्हरी पीओच्या दिवशी असलेल्या मशीन लोडनुसार कळवली जाईल." आमच्या फॉरमॅटमध्ये ती आता कायमची आहे.

सगळ्यात मोठ्या, जुन्या ग्राहकाला नाही कसं म्हणायचं? तो ऐकूनच घेत नाही.

त्याला नाही म्हणू नका, त्यालाच निवडायला लावा. त्याचेच दोन-तीन पार्ट तुमच्या मशीनवर चालू असतील. "साहेब, हा नवा पार्ट जुलैत घेतो, पण मग तुमचा तो ब्रॅकेट दहा दिवस मागे जाईल. कुठला आधी देऊ?" हे विचारलं की आवाज उतरतो. मग तो स्वतःच त्याच्या प्रॉडक्शनला फोन करतो आणि बहुतेक वेळा नव्या पार्टची घाई एकाएकी कमी होते. पण हे विचारताना हातात मशीनवाईज तक्ता हवा. नुसतं तोंडी म्हटलं तर त्याला ती धमकी वाटते.

पैसे थकवणाऱ्या ग्राहकाला लोडचं कारण सांगून टाळलं तर?

टाळू नका, खरं कारण सांगा. लोडचं निमित्त दिलंत तर तो पुढच्या महिन्यात पुन्हा येईल. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाला जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे मिळायला हवेत असं 2006 चा एमएसएमईडी कायदा सांगतो. जुनं बिल निघालं की नव्या कामाचं बोलू, एवढंच म्हणा.

नकार दिल्यावर काम संपलं ना?

एक नोंद राहते. वहीत तारीख, पार्ट, नग, कुठल्या मशीनमुळे नाकारलं आणि किती तासांचं काम होतं, एवढं लिहितो. वर्षाअखेरीस आमच्या वहीत लेथमुळे नाकारलेली दोनच कामं होती, बाकी सगळी व्हीएमसीमुळे. बँकेत दुसऱ्या व्हीएमसीच्या कर्जासाठी गेलो तेव्हा ती वही सोबत नेली होती.

आणि त्या फ्लँजचं काय झालं?

ग्राहकाने 500 नग आम्ही सांगितलेल्या शॉपकडून जुलैअखेर घेतले आणि 1,000 नगांचा पीओ आम्हाला 13 जुलैला दिला, म्हणजे मुदतीच्या आदल्या दिवशी, आठवणीचा फोन झाल्यावर तासाभरात. फोर्जिंग मात्र 24 ऐवजी 27 ला आलं. त्याच दिवशी मेल केला की पहिला लॉट आता 13 ऐवजी 16 ऑगस्टला येईल. त्यावर कुणी काही बोललं नाही, कारण 24 तारीख मेलमध्ये लिहिलेली होती. त्या दुसऱ्या शॉपवाल्याने सप्टेंबरमध्ये आमच्याकडे एक लेथचं काम पाठवलं. त्याचे लेथ भरले होते.